आमची वाटचाल : तक्ता गेला, गोल उरले

साखर कारखान्याचा हंगाम संपला की बॉयलर उघडायचा, झिजलेल्या बँक ट्यूब काढून नव्या बसवायच्या आणि अग्निप्रदीपनाच्या आधी तो परत कारखान्याच्या हवाली करायचा, हे आमचं काम. कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये भिंतीवर मापाप्रमाणे ट्यूब एक्स्पांडर टांगलेले आहेत. प्रत्येकाचे रोलर आणि मॅन्ड्रेल काम संपताच रॉकेलने धुऊन, ग्रीस लावूनच वर जातात. ही शिस्त नानांची. नाना ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले आणि माझ्यासोबत भागीदारीत उतरले. पैसा माझा कमी होता, त्यांचा त्याहून कमी. पण हात असा की त्यांनी काढलेल्या शीटवर खोडरबराची खूण सापडायची नाही.

मधली बरीच वर्षं नीट गेली, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सांगायचं आहे ते ज्या कामाने आमची फर्म जवळजवळ बसली, त्याबद्दल.

काम 35 दिवसांचं ठरलं होतं. कोणत्या कामाला किती दिवस आणि कशाच्या आधी काय, हा तक्ता कारखान्याच्या इंजिनिअरिंग ऑफिसातल्या फळ्यावर सगळ्यांनी बसून लिहिला. आमच्या सुपरवायझरने त्याचा मोबाईलवर फोटो घेतला आणि त्यावरून नानांनी कामांच्या क्रमाचं गोल-बाणांचं नेटवर्क काढलं. पुढे फळा पुसला गेला, आणि मोबाईल राखेच्या हौदात पडून कायमचा गेला. काम संपलं 39 दिवसांनी. चार दिवसांचा एलडी, म्हणजे उशिराचा दंड, आमच्या बिलातून कापला गेला. तेवढ्या रकमेत आमच्या वेल्डरांचा पगार होता.

कारखान्याचं म्हणणं, आमचा आय.डी. फॅन उशिरा आला म्हणून काम लांबलं. फॅन सहा दिवस उशिरा आला होता हे खरंच. पण कारखान्याने दुसऱ्या पार्टीकडून घेतलेल्या ट्यूबही चौदाव्या दिवशी संध्याकाळी साइटवर उतरल्या होत्या. ती पार्टी मीटिंगमध्ये ठासून म्हणाली, “आम्ही किती दिवस कबूल केले होते ते दाखवा.” दाखवायला तक्ताच नव्हता.

हातात होती ती फक्त नानांची शीट. बाणांवर कामांची नावं, पण दिवस नाहीत, कारण ते तक्त्यात होते. गोलात मात्र नानांच्या पद्धतीप्रमाणे वर गोलाचा क्रमांक, खाली डावीकडे तिथे लवकरात लवकर पोचण्याचा दिवस आणि उजवीकडे एकूण मुदत न लांबवता उशिरात उशिरा चालणारा दिवस. ते आकडे असे होते.

```
गोल     1   2   3   4   5   6   7   8
लवकर    0   4  10  12  22  24  31  35
उशिरा   0   4  10  26  22  24  31  35
```

बाण असे: 1-2 परांची आणि साफसफाई, 1-3 नव्या ट्यूबचा पुरवठा, 2-3 जुन्या ट्यूब कापणे, 2-4 फॅन उतरवून इम्पेलर बॅलन्सिंगला पाठवणे, 3-5 ट्यूब बसवून एक्स्पांड करणे, 5-6 हायड्रॉलिक टेस्ट, 6-7 रिफ्रॅक्टरी, 4-7 फॅन परत बसवून अलाइनमेंट, 7-8 मंद आगीवर सुकवणी. टेस्ट झाल्याशिवाय रिफ्रॅक्टरी लावायची नसते, नाहीतर गळकी जागा विटांमागे झाकली जाते. त्यामुळे हा क्रम कोणालाच बदलता येत नाही.

नाना रात्री उशिरापर्यंत बसले. त्यांचा हिशोब साधा होता. ज्या गोलात एकच बाण शिरतो, तिथे लवकरच्या आकड्यांची वजाबाकी म्हणजेच त्या कामाचे दिवस. गोल 2 मध्ये एकच बाण, म्हणून परांचीला 4. गोल 4 मध्ये एकच, म्हणून बॅलन्सिंगला 12 वजा 4, म्हणजे 8. तसेच ट्यूब बसवण्याला 12, टेस्टला 2, सुकवणीला 4. ज्या गोलातून एकच बाण बाहेर पडतो, तिथे उशिराच्या आकड्यांची वजाबाकी करायची. गोल 4 मधून फक्त फॅन बसवण्याचा बाण निघतो, म्हणून 31 वजा 26, म्हणजे 5. गोल 6 मधून रिफ्रॅक्टरीला 7.

अडचण होती गोल 3 ची, कारण तिथे दोन बाण येऊन मिळतात. जुन्या ट्यूब कापायला जास्तीत जास्त 6 आणि नव्या ट्यूबच्या पुरवठ्याला जास्तीत जास्त 10 दिवस, आणि दोहोंपैकी एक तरी पूर्ण मर्यादेवर, एवढंच लवकरच्या आकड्यांवरून कळतं. इथे उजवीकडचा आकडा कामी आला. गोल 2 चा उशिराचा आकडा 4 आहे. तिथून दोन बाण निघतात. फॅनच्या बाजूने मागे आलं तर 26 वजा 8, म्हणजे 18 मिळतात, 4 नाही. मग तो 4 ट्यूब कापण्याच्या बाणावरूनच आला असणार, म्हणजे कापायला नेमके 6 दिवस. शीटवर फक्त लवकरचे आकडे असते, तरी 35 ही मुदत मिळाली असती, पण गोल 3 पर्यंतची क्रिटिकल, म्हणजे एका दिवसाचीही सवड नसलेली, वाट कोणती, ते ठरलं नसतं.

आता वाट स्पष्ट झाली: 1-2-3-5-6-7-8, म्हणजे 4, 6, 12, 2, 7 आणि 4, बेरीज 35. राहिला एकच आकडा, ट्यूबच्या पुरवठ्याचा, आणि नेमका तोच शीटवरून काढता येत नाही. तो 10 असेल किंवा कमी. पुष्कळ जण इथे चुकतात. गोल 1 आणि गोल 3 दोन्हीकडे लवकर-उशिरा सारखे, म्हणून मधला बाणही क्रिटिकल, असं म्हणून मोकळे होतात. तसं नाही. बाणाचे दिवस दोन गोलांतल्या फरकाएवढेच असतील तरच तो क्रिटिकल. नऊ दिवस कबूल असतील तर एक दिवसाची सवड आहे, दहा असतील तर मुळीच नाही.

पण आमच्या भांडणाला तो आकडा लागतच नव्हता. कबुली कितीचीही असो, दहाव्या दिवसापर्यंत ट्यूब साइटवर हव्या होत्या. त्या चौदाव्या दिवशी आल्या. बारा, दोन, सात, चार मिळवा, 39 येतात. आणि फॅन? बारा ऐवजी अठराव्या दिवशी आला, पाच दिवसांत बसला, तेवीस. तो लागणार होता मूळ हिशोबाने एकतिसाव्या दिवशी. त्याला चौदा दिवसांची सवड होती, सहा खाल्ले तरी आठ उरले.

चीफ इंजिनिअर साहेबांनी शीट हातात घेतली, प्रत्येक वजाबाकी स्वतः केली आणि लेखापालांना म्हणाले, “नानांचं बरोबर आहे, एलडी परत करा.” पैसे सुटले, पण पुढचा हंगाम उलटल्यावर. दरम्यान मी घरचं सोनं गहाण ठेवून पगार केले. आणि ज्यांच्या ट्यूब उशिरा आल्या, ते त्याच वर्षी ट्यूब बसवण्याच्या धंद्यात उतरले आणि त्याच कारखान्याचं पुढचं काम आमच्यापेक्षा कमी दर भरून घेऊन गेले. हे मला आजही सहन होत नाही. साहेब मात्र पुढे दुसऱ्या कारखान्यात गेले आणि तिथला बॉयलर त्यांनी आम्हालाच दिला, दर वर्षी देतात.

क्रिटिकल पाथची रीत 1957 च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पॉन्ट कंपनीत मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली यांनी बसवली आणि तिथे ती कारखान्याच्या देखभालीच्या कामालाही लावली गेली. म्हणजे ही आपल्याच धंद्यातली वस्तू आहे. नव्या पोरांनी सॉफ्टवेअर खुशाल वापरावं, पण प्रिंट काढताना गोलातले दोन्ही आकडे आणि बाणावर दिवस, तिन्ही छापून घ्यावेत. माल पार्टीचा असेल तर त्या बाणाशेजारी पार्टीची सही घ्यावी. आमच्याकडे आता सहीशिवाय परांचीचा पहिला पाइपही उभा राहत नाही.