रेस्ट, ग्राफक्यूएल की जीआरपीसी: एका स्क्रीनचा हिशेब

इंदूर, गुरुवार रात्र

सियागंजातल्या एका घाऊक किराणा व्यापाऱ्यासाठी आम्ही जे अ‍ॅप करीत आहोत, त्याची एपीआय, म्हणजे फोनने सर्व्हरकडे माहिती मागण्याची रीत, कोणत्या पद्धतीची असावी, हे आज ठरले: फोनसाठी रेस्ट. अ‍ॅप वापरणार आहेत ते त्यांचे विक्री प्रतिनिधी. ते सकाळी महू, सांवेर, देपालपूरच्या रस्त्यांवर निघतात आणि दुकानोदुकानी ऑर्डर घेतात. वाटेत फोनला नेटवर्क कधी मिळते, कधी नाही. त्यामुळे रेस्ट, ग्राफक्यूएल आणि जीआरपीसी या तिन्ही पद्धतींची सर्वसाधारण तुलना करण्याऐवजी मी एकच स्क्रीन घेतली, जी प्रतिनिधी दुकानात पाय ठेवताच उघडतो, आणि तिचाच हिशेब मांडला.

या स्क्रीनवर दुकानाची माहिती, बाकी रक्कम, शेवटच्या पाच ऑर्डरी त्यांतील वस्तूंसह, आणि चालू योजना दिसतात. सरळसोट रेस्ट लिहिले तर दुकान, बाकी, ऑर्डरींची यादी आणि योजना असे चार कॉल होतात, आणि प्रत्येक ऑर्डरीच्या वस्तूंसाठी एक असे आणखी पाच. एकूण नऊ कॉल पाहून बैठकीत लगेच ग्राफक्यूएलचे नाव निघाले, कारण तिथे हे सगळे एकाच क्वेरीत मागता येते. हा मुद्दा पोकळ नाही. फेसबुकने 2012 मध्ये ग्राफक्यूएल बांधायला घेतले, ते मोबाइल अ‍ॅपच्या न्यूजफीडच्या अशाच अडचणीतून.

मात्र नऊ कॉल म्हणजे नऊपट वेळ, असे होत नाही. एचटीटीपी/2 वर एकाच कनेक्शनमधून अनेक विनंत्या एकदम जातात, म्हणून मोजायच्या त्या एकमेकींवर अवलंबून असलेल्या फेऱ्या. पहिले चार कॉल एकदम सुटतात. वस्तूंचे पाच कॉल मात्र ऑर्डरींचे क्रमांक हाती आल्याशिवाय सुटू शकत नाहीत. म्हणजे फेऱ्या दोनच. कमजोर नेटवर्कवर जाण्यायेण्याला 300 मिलिसेकंद धरले, तर सर्व्हरचे काम सोडून 600 मिलिसेकंद लागतात आणि ग्राफक्यूएलने त्यांतले 300 वाचतात. तेवढेच `/shops/42/orders?limit=5&include=items` असा एक पत्ता देऊनही वाचतात, कारण मग दुसरी फेरी उरतच नाही. एवढ्यासाठी सर्व्हरची सगळी मांडणी बदलावी, हे मला पटले नाही.

मग वाटले की रेस्टमध्येच या स्क्रीनपुरता एक कॉल का देऊ नये? बरेच जण तसे करतात. आमच्या बाबतीत त्याने नुकसान झाले असते, आणि आजच्या निर्णयाचे खरे कारण तेच आहे. योजना दिवसातून एकदा बदलतात, दुकानाचा पत्ता वर्षातून एखाद्या वेळी, बाकी मात्र दर पावतीगणिक. हे सगळे एका उत्तरात बांधले की बाकीत एक रुपया हलला तरी संपूर्ण उत्तराची `ETag` ही ओळखखूण बदलते, आणि जसेच्या तसे असलेले उरलेले सगळे पुन्हा फोनवर उतरते. वेगळे ठेवले तर योजनांसाठी फोन जुनी खूण पाठवतो आणि सर्व्हर मजकुराविना उत्तर देतो:

```
GET /schemes
If-None-Match: "s-0417"

304 Not Modified
```

हाच नियम वस्तूंच्या यादीला लावला तर फरक मोठा पडतो. दोन हजार वस्तू आणि प्रत्येकी 200 बाइट धरले, तर ती यादी सुमारे 400 केबी होते. ती न बदलल्याच्या दिवशी फोनवर काहीशे बाइटच उतरतात. ग्राफक्यूएलची क्वेरी सहसा `POST` ने जाते आणि तिथे एचटीटीपीची ही सोय आपोआप मिळत नाही. अ‍ॅपमधल्या ग्राफक्यूएल क्लायंटची कॅश फोनवर माहिती नीट जपून ठेवते, पण सर्व्हरवर काही बदलले आहे का, हे कळायला पुन्हा पूर्ण क्वेरी करावी लागते. यावर पर्सिस्टेड क्वेरींचा उपाय आहे: क्वेरी आधीच नोंदवायची आणि तिचा हॅश `GET` ने पाठवायचा. पण क्वेरी नोंदवलेल्या, अ‍ॅप एकच, आणि पत्त्यागणिक उत्तर ठरलेले, असे झाल्यावर आपण वळसा घेऊन रेस्टच्याच दाराशी आलेलो असतो.

ग्राफक्यूएलच्या एका गुणाचा मात्र मला मोह पडला होता. कोणत्या आवृत्तीचे अ‍ॅप कोणते फील्ड मागते, हे तिथे क्वेरीतच दिसते, त्यामुळे एखादे फील्ड कधी काढता येईल, हे पुराव्याने ठरवता येते. रेस्टमध्ये सर्व्हर सगळे पाठवतो आणि फोन त्यातले काय वाचतो, हे त्याला कळत नाही; आणि प्रतिनिधींच्या फोनवर जुनी आवृत्ती महिनोन् महिने राहणार, हे गृहीतच आहे. त्याबदल्यात आम्ही प्रत्येक विनंतीसोबत अ‍ॅपची आवृत्ती पाठवणार आहोत. हा उपाय दुय्यम आहे, पण आमच्यापुरता पुरेसा आहे.

उलट दिशेचे एक निरीक्षण अँड्रॉइडचे काम पाहणाऱ्या सहकारिणीने मांडले. बाकी सांगणारी खातेवहीची सेवा बंद असेल तर ग्राफक्यूएलचे उत्तर सहसा 200 या स्थितीनेच येते, बाकी रकमेच्या जागी `null` असतो आणि तक्रार `errors` या यादीत असते. उरलेली स्क्रीन दिसत राहते, ही चांगलीच गोष्ट. पण कोणी घाईत `null` ला शून्य मानले तर? ती म्हणाली, "दादा, बाकी शून्य दिसली की पोरं उधारीवर माल देऊन मोकळी होतील." वेगळ्या कॉलला 503 आला की "बाकी कळली नाही" असे दाखवणे सोपे जाते, आणि सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या आलेखातही तो बिघाड लगेच उमटतो, 200 च्या आत दडलेली चूक वेगळी वाचावी लागते.

जीआरपीसीचा विचार आकारमानापासून सुरू झाला. जीआरपीसी माहिती प्रोटोबफ या स्वरूपात पाठवते; त्यात फील्डचे नाव न जाता क्रमांक जातो, म्हणून ते जेसनपेक्षा आटोपशीर असते. पण जेसन जिझिपने दाबले की वारंवार येणारी नावेच आधी आकसतात आणि अंतर बरेच कमी होते. शिवाय व्यापाऱ्याचे मुनीमजी हिशेब ब्राउझरमध्ये पाहणार, आणि ब्राउझर थेट जीआरपीसी बोलू शकत नाही. जीआरपीसी-वेब आणि मध्ये एनव्हॉयसारखा प्रॉक्सी लागतो. म्हणून फोनपर्यंत ते न्यायचे नाही. ऑर्डरसेवा आणि खातेवहीसेवा यांच्यामध्ये मात्र तेच ठेवले, मुख्यतः डेडलाइनसाठी: फोन पाच सेकंद थांबणार असेल आणि दोन संपले असतील, तर आतल्या सेवेला उरलेले तीनच मिळतात, आणि कोणी वाट पाहत नसलेले काम ती करीत बसत नाही. प्रोटो फाइलीत काढून टाकलेल्या फील्डचा क्रमांक `reserved` लिहून ठेवायचा, पुन्हा वापरायचा नाही, हेही आजच नियमांत घातले.

ऑर्डर पाठवण्याचा प्रश्न तिन्ही पद्धतींत सारखाच आहे. उत्तर आले नाही म्हणजे ऑर्डर पोचली नाही, असे म्हणता येत नाही. जीआरपीसीचा `DEADLINE_EXCEEDED` देखील एवढेच सांगतो की वेळ संपली. म्हणून फोनच प्रत्येक ऑर्डरीला यूयूआयडी देईल, तो `Idempotency-Key` म्हणून जाईल, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर नवी ऑर्डर न नोंदवता आधीचेच उत्तर परत करील. ती किल्ली किती दिवस जपायची, यावर मतभेद राहिले. प्रतिनिधी शनिवारी नेटवर्कबाहेर घेतलेली ऑर्डर सोमवारीही पाठवू शकतो, त्यामुळे मी आठवडाभराच्या बाजूने आहे. उद्या टेबलाचा आकार पाहून ते ठरवू.