बारा सावकाश नमस्कार आणि पहिल्या मिनिटाची नाडी

माघात रथसप्तमी आली की टिळकवाडी, शहापूर, खानापूर, निपाणी सगळीकडं सूर्यनमस्काराचे संकल्प सुटतात. कुणी १०८ घालतं, कुणी रोजचे २४ ठरवतं. आमच्या सकाळच्या गटानं मात्र आकडा मुद्दाम लहान धरलाय. रोज १२ नमस्कार, तेही सावकाश, आणि त्यांच्या आधी नि नंतर नाडी. वहीत साठलेल्या नोंदींवरून एक गोष्ट आता ठाम सांगता येते. नमस्कार संपल्यावर नाडी किती वर गेली यापेक्षा एका मिनिटानं ती कुठं येऊन थांबली, हा आकडा जास्त बोलतो. तो खरा यावा म्हणून मोजणी कशी करायची, तिथून सुरुवात.

आधी वेग ठरवा. वेग बदलला की नाडी बदलते आणि मग दोन दिवसांची तुलनाच होत नाही. मोबाइलवर मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावायचा आणि प्रत्येक स्थितीला चार ठोके द्यायचे. बारा स्थितींना ४८ सेकंद होतात. शेवटच्या प्रणामासनात १२ सेकंद साधा श्वास घ्यायचा. म्हणजे मिनिटाला एक नमस्कार, १२ मिनिटांत बारा. यातली गंमत म्हणजे आठव्या-नवव्या नमस्काराला अंग तापलं की हात आपोआप पुढं पळतात आणि बारा नमस्कार नऊ मिनिटांतच आटोपतात. त्या दिवशी शेवटची नाडी जास्त येणारच, आणि माणूस उगीच घाबरतो. म्हणून वहीत नाडीच्या शेजारी 'एकूण वेळ' हा रकाना हवाच.

आसनं सौम्यच ठेवायची. अश्वसंचालनात मागचा गुडघा जमिनीला टेकवायचा. अष्टांगात जाताना आधी गुडघे, मग छाती नि हनुवटी. भुजंगासनात कोपरं थोडी वाकलेली. शहाबादी फरशीवर थंडीत गुडघे दुखतात, तेव्हा मॅटखाली सतरंजी घाला, नाहीतर दुखऱ्या गुडघ्यापायीच नाडी चार-सहा ठोक्यांनी वर राहते. आणि श्वास कुठंही रोखून धरायचा नाही. अष्टांगात श्वास बाहेर सोडून थांबायची पद्धत बऱ्याच ठिकाणी शिकवतात, पण रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी ती वगळावी. श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो आणि रक्तदाब एकदम वर-खाली होतो. त्या ओघात घेतलेली नाडीही फसवी निघते.

आता मोजणी. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या बाहेरच्या कडेला तर्जनी, मध्यमा नि अनामिका ही तीन बोटं हलकी ठेवायची. अंगठ्यानं मोजू नका, त्याचा स्वतःचा ठोका जाणवतो. मानेवर मोजायची सवय असेल तर एकाच बाजूला आणि अगदी हलकं दाबा. तिथं जोर दिला की शरीर दाब वाढला असं समजून नाडी मंदावतं. कालमापक सुरू करताना लागलेला ठोका 'शून्य', पुढचा 'एक'. पहिल्याच ठोक्याला 'एक' म्हटलं तर १५ सेकंदांच्या मोजणीत मिनिटाचे चार ठोके फुकट वाढतात.

नोंदी चार घ्यायच्या. पहिली सकाळी उठल्यावर, चहाआधी, पलंगावर बसून, पूर्ण ६० सेकंद. दुसरी नमस्काराआधी मॅटवर दोन मिनिटं शांत उभं राहून. तिसरी बारावा नमस्कार संपताक्षणी, उभ्यानंच. नाडी पाच सेकंदांत सापडायला हवी आणि फक्त १५ सेकंद मोजून चारनं गुणायची, कारण त्या वेळी नाडी भराभर उतरत असते आणि पूर्ण मिनिट मोजलं तर वरचा आकडा हातून निसटतो. चौथी थांबल्यापासून बरोबर एक मिनिटानं, पुन्हा उभ्यानं, पुन्हा १५ सेकंद. शवासन त्यानंतर.

सगळ्यात जास्त घोळ दुसऱ्या नोंदीत होतो. बरेच जण आधीची नाडी खुर्चीत बसून घेतात आणि नंतरची उभ्यानं. नुसतं उभं राहिलं तरी रक्त पायांकडं उतरतं, ते भरून काढायला हृदय मिनिटाला दहाच्या आसपास जास्त ठोके देतं. हा फरक नमस्काराच्या खात्यावर पडला की सगळा हिशेब चुकतो. आधीची आणि नंतरची नोंद एकाच स्थितीत हवी, यात सवलत नाही.

हे का सांगतोय ते एका पानावरून दिसेल. गटातल्या एका काकूंचं वय ५४, रक्तदाब-साखरेची गोळी नाही, आधी फक्त संध्याकाळी फेरफटका. सुरुवातीच्या एका आठवड्याचे मधले आकडे असे: उठल्यावर ७८, उभ्यानं ८८, बारा नमस्कारांनंतर ११२, एका मिनिटानं ९६. थंडी संपता संपता त्याच वेगाला, त्याच वेळेला: उठल्यावर ७४, उभ्यानं ८४, नंतर १००, एका मिनिटानं ८४.

आता 'एका मिनिटात किती उतरली' एवढंच बघा. पहिल्या वेळी ११२ वरून ९६, म्हणजे १६. नंतर १०० वरून ८४, म्हणजे पुन्हा १६. नुसत्या उतारावर भिस्त ठेवली तर काकूंच्या सरावानं काहीच झालं नाही असं वाटेल. पण उभ्या नाडीशी ताडून बघितलं की चित्र पालटतं. आधी नमस्कारांनी नाडी २४ ठोके चढत होती, आता १६ चढते. आधी मिनिटभरानंतर ८ ठोके उरायचे, आता शून्य, म्हणजे मिनिटात नाडी मूळ जागी परत. चढच कमी झाला तर उतरायला तरी किती उरणार! म्हणून आम्ही उताराऐवजी 'मिनिटानंतर उरलेला फरक' असा रकाना आखलाय.

दवाखान्यातल्या ट्रेडमिल तपासणीत पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी ठोके उतरले तर डॉक्टर ते लक्षात घेतात, हे बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. तो आकडा इथं लावू नका. तिथं माणसाला दमेपर्यंत चालवलेलं असतं. सावकाश नमस्कारात नाडी शंभरच्या आसपासच फिरते, तिथून १२ उतरायला जागाच नसेल तर त्यात बिघडलं काहीच नाही.

नाडी लवकर परत येते यामागं मुख्यतः व्हेगस मज्जातंतूचं काम आहे. हृदयाला आवर घालणारा हा तंतू व्यायाम चालू असताना ढील देतो आणि थांबताच पुन्हा लगाम घेतो. पहिल्या मिनिटातली घसरण बहुतांशी त्याची असते. नियमित सरावानं हा लगाम लवकर बसतो, आणि हृदय एका ठोक्यात थोडं जास्त रक्त ढकलू लागलं की विश्रांतीची नाडीही खाली येते. मात्र सौम्य सरावात ती थोडीच येते. ७८ ची ७४ झाली तर ते समाधानकारक समजावं. कुणी ६० च्या घरात न्यायचं म्हणून वेग दुप्पट करत असेल तर तो वेगळा व्यायाम झाला, या वहीत त्याची तुलना बसत नाही.

आणखी एक खाचखळगा आहे. पहिल्या तीन-चार आठवड्यांत चढ भराभर कमी होतो, त्यातला बराच वाटा हृदयाचा नसतोच. नवखा माणूस पर्वतासनात खांदे कानाला लावून, दात आवळून उभा असतो. पुढं नको ते स्नायू सैल पडतात आणि तेवढ्याच कामाला कमी शक्ती लागते. खरं काय ते ओळखायला एक वेगळी कसोटी ठेवा: महिन्यातून एकदा तेच दोन मजले त्याच चालीनं चढायचे आणि तशीच उभ्यानं नाडी घ्यायची. नमस्काराचा चढ उतरलाय पण जिन्याचा तसाच असेल तर सध्या अंगात सफाई आली आहे, दम वाढायचा आहे. काकूंच्या पानावर पहिल्या महिन्यात नेमकं हेच होतं. जिन्याचा आकडा हलायला दुसरा महिना सरावा लागला.

हातातलं घड्याळ या कामाला फारसं उपयोगी नाही. पर्वतासन नि भुजंगासनात मनगट मागं वाकतं, अंगाचा भार त्यावर येतो, घड्याळाचा दिवा त्वचेपासून हलतो आणि मधेच ६५ किंवा १५० दाखवतो. बोटाला लावायचं यंत्र डिसेंबरातल्या गार बोटांवर आकडा द्यायला वेळ घेतं, तोवर पहिलं मिनिट निघून जातं. बोटांनी मोजा.

१५ सेकंदांच्या मोजणीत एक ठोका चुकला की मिनिटाचे चार चुकतात, तेव्हा एका दिवसाच्या चार-पाच ठोक्यांवर आनंदही नको नि काळजीही नको. आठवड्याचे आकडे चढत्या क्रमानं मांडून मधला घ्यायचा. अपुरी झोप, चहा, सर्दी-ताप, आदल्या रात्रीचं जड जेवण यांनी सकाळची नाडी वर जाते. कारण शेरा म्हणून लिहा. उन्हाळा तर फार मोठा घटक आहे. चैत्र-वैशाखात घाम गाळायला त्वचेकडं जास्त रक्त जातं, त्याच बारा नमस्कारांना नाडी सहज आठ-दहानं वर दिसते. माघातल्या पानाशी वैशाखातलं पान ताडून सराव बिघडला असं कुणी म्हणू नये. वैशाखाची तुलना पुढच्या वैशाखाशी.

ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी गोळी घेणाऱ्यांची नाडी औषधच दाबून ठेवतं, त्यांच्या आकड्यांवरून सरावाबद्दल काही ठरवता येत नाही. त्यांनी बोलण्याची परीक्षा वापरावी. नमस्कार चालू असताना पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग ठीक, दोन शब्दांत धाप लागली तर थांबा. ठोके एकसारखे न पडता मधेच चुकल्यासारखे वारंवार लागले, बसल्या जागी नाडी रोजच शंभरच्या वर राहू लागली, किंवा छातीत दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर नमस्कार बंद करून वही घेऊन डॉक्टरांकडं जायचं. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद आणि सोडताना मंद होणं मात्र निरोगी माणसातही असतं. म्हणूनच उठल्यावरची नोंद पूर्ण मिनिटाची घ्यायची.

या पावसाळ्यात दोन बदल करतोय. खानापूरकडच्या मंडळींचं अंगणात घालणं बंद होणार, ते घरात पंख्याखाली येतील, तेव्हा जागा बदलल्याची खूण पानावर करायची. आणि ज्यांचा 'उरलेला फरक' सलग चार आठवडे शून्य ते चार राहिलाय त्यांनी वेग तोच ठेवून बाराचे पंधरा करायचे. पंधराला फरक पुन्हा आठच्या वर गेला तर महिनाभर पंधरावरच थांबायचं.