नैराश्य ओसरलं, तरी झोप का येत नाही?

“गोळ्यांनी मन बरंच सावरलंय, पण रात्री अजून टक्क जागा असतो. नैराश्य गेलं की झोप आपोआप येईल ना?”

बरेचदा येत नाही. निद्रानाश नैराश्यातून सुरू झाला, तरी काही महिन्यांनी तो आपल्याच बळावर चालू राहतो. आणि तो तसाच राहिला तर नैराश्य परतण्याचा धोका वाढतो, म्हणून त्याच्यावर वेगळा उपचार हवा.

नैराश्यात उठावंसं वाटत नाही, म्हणून माणूस दिवसाही पडून राहतो. ऊन नाही, हालचाल नाही, मध्येच डुलकी. मग रात्रीपर्यंत झोपेची भूक साठतच नाही. जागेपणी अंथरुणात काळज्या उगाळल्या की शरीराला अंथरूण म्हणजे जागं राहायची जागा, अशी सवय लागते. दुसऱ्या दिवशी थकव्यामुळे कामं आणि माणसं टाळली जातात, मन आणखी खचतं आणि माणूस पुन्हा आडवा होतो.

सीबीटी-आय म्हणजे निद्रानाशासाठी विचार आणि सवयी बदलण्याचा, बोलण्यातून होणारा उपचार. त्यात नेमकी हीच साखळी तोडतात. साधारण चार ते आठ भेटी लागतात. आधी एक-दोन आठवडे झोपेची नोंदवही ठेवायची. समजा, कुणी रात्री 10 ला आडवं होतं, सकाळी 7 ला उठतं, पण झोप सरासरी साडेपाच तासच लागते. नऊ तासांपैकी ही 61 टक्के झाली. मग अंथरुणातली वेळच साडेपाच तास करायची: रात्री 12:30 ते सकाळी 6. आठवड्याची सरासरी 85 टक्क्यांवर गेली की 15 मिनिटं लवकर झोपायचं. 80 च्या खाली आली तर तेवढीच वेळ कमी करायची, पण पाच तासांपेक्षा कमी कधीच नाही. उठायची वेळ रविवारीही तीच.

वीसेक मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं, तर घड्याळ न बघता उठून दुसऱ्या खोलीत जायचं आणि झोप दाटून आली की परतायचं. एका खोलीच्या घरात खुर्चीसुद्धा चालते. ‘आज झोपलो नाही तर उद्या काहीच जमणार नाही’ या विचाराची नोंदवहीतल्या दिवसांशी पडताळणी करायची.

नैराश्यात हे फसतं ते बहुधा पहाटे. सहाला उठून करायचं काय, हेच ठरलेलं नसतं. म्हणून आदल्या रात्रीच काहीतरी ठरवावं: दूध आणायला जाणं, गच्चीवर चालणं. रात्री 10 ते 12:30 या रिकाम्या वेळेचंही तसंच.

पहिले एक-दोन आठवडे दिवसा पेंग वाढते, तेव्हा गाडी चालवू नका. बायपोलर आजार किंवा फिट्स असतील, तर झोपेची वेळ अशी आवळणं धोक्याचं आहे, कारण कमी झोपेने उन्माद किंवा झटका येऊ शकतो. घोरताना श्वास अडकत असेल तर आधी त्याची तपासणी करा. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. आणि जागेपणी जीव द्यावासा वाटत असेल, तर पुढच्या भेटीची वाट न बघता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तो रात्रीही चालू असतो.