‘स्पष्ट करा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

भूगोलाचे सर तपासलेले पेपर द्यायचे तेव्हा उत्तराखाली शेरा क्वचितच असायचा. प्रश्नातल्या शेवटच्या शब्दांभोवती मात्र लाल गोल काढलेला असायचा. ‘वर्णन करा’, ‘स्पष्ट करा’ किंवा ‘मूल्यमापन करा’. बाकी तुमचं तुम्ही समजून घ्या.

एकदा सहामाहीला प्रश्न होता: भरपूर पाऊस पडूनही कोकणात उन्हाळ्यात पाणीटंचाई का होते, ते स्पष्ट करा. गुण पाच. माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राने दोन पानं भरली होती. जूनमध्ये पाऊस कसा कोसळतो, पऱ्या कसा दुथडी भरून वाहतो, मे महिन्यात विहिरीचा तळ कसा दिसतो, बायका हंडे घेऊन कुठवर जातात, सगळं खरं आणि छान लिहिलेलं. मिळाला एक गुण. “सर, दोन पानं लिवली ना मी!” तो रडकुंडीला आला.

सरांनी त्याचंच उत्तर फळ्यावर घेतलं आणि वाक्यांचा क्रम उलटसुलट केला. आधी हंडे, मग पऱ्या, मग पाऊस. “काही बिघडलं?” काहीच बिघडलं नव्हतं. “मग हे वर्णन झालं,” सर म्हणाले. मग त्यांनी खाली दुसरं उत्तर लिहिलं. सह्याद्री आणि समुद्र यांच्यात जेमतेम ५०-६० किलोमीटरचं अंतर, म्हणून उतार तीव्र आणि नद्या आखूड. त्यामुळे पावसाचं बरंच पाणी लगेच खाडीला मिळतं. जे मुरतं ते सच्छिद्र जांभ्यातून झिरपत खालच्या अंगाला झऱ्यांवाटे निघून जातं. त्यात पाऊस जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत पडतो, पुढे भर पडत नाही. म्हणून सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उंच सपाट माळावरच्या, विहिरी उन्हाळ्यात आटतात. या उत्तरातलं एक वाक्य इकडचं तिकडे केलं की ‘त्यामुळे’ लटकायला लागतो. वर्णन आणि स्पष्टीकरण ओळखायची ही कसोटी मी आजही माझ्या वर्गात वापरतो. पेपर तपासताना तर ती फार उपयोगी पडते.

मूल्यमापनाला आम्ही सगळेच बिचकायचो. ‘टंचाईवरचा उपाय म्हणून वनराई बंधाऱ्याचे मूल्यमापन करा’ असं आलं की अर्धा वर्ग बंधारा कसा बांधतात तेच लिहायचा: सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरायच्या, पाऊस संपल्यावर वाहत्या ओढ्यात रचायच्या वगैरे. उरलेला अर्धा वर्ग फायदे-तोटे मांडून थांबायचा. सर म्हणायचे, आधी मोजायचं कशाने ते सांगा. खर्चाने मोजलं तर बंधारा उत्तम. गोण्या फुकटच्या, काम श्रमदानाचं. मे महिन्यात घागर भरते का, याने मोजलं तर बहुतेक ठिकाणी कमी पडतो, कारण मुळात ओढ्याचा प्रवाहच आटत जातो. शिवाय पहिल्या मोठ्या पावसात बांधही वाहून जातो. शेवटी निकाल द्यायचाच, आणि तो आधी सांगितलेल्या मापाला धरून. वर्गात एकीने बंधारा ‘उपयोगी’ ठरवला होता, तर सड्यावरच्या वाडीतून येणाऱ्या एकाने ‘निरुपयोगी’. दोघांनाही पूर्ण गुण मिळाले आणि वर्गात मोठा गोंधळ उडाला!

पण खरी अडचण निराळीच होती. भूगोलात शिकलेला ‘स्पष्ट करा’ इतिहासाच्या पेपरात चालेना. तिथे ‘संकल्पना स्पष्ट करा’ म्हटलं की अर्थ सांगायचा, ‘विधान सकारण स्पष्ट करा’ म्हटलं की कारणं द्यायची. ‘फरक स्पष्ट करा’ म्हटलं तर तुलना. दोन शब्द तेच, कामं तीन. मुलांनी ओळखायचं कसं? सरांनी इतिहासाच्या बाईंना गाठलं. बाई काही लगेच ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. “बोर्डाच्या पेपरात हेच शब्द येतात, ते मी कसे बदलू?” त्यांचं म्हणणं रास्तच होतं.

तोडगा निघाला तो असा. बोर्डाची शब्दरचना ठेवायची, पण शाळेच्या परीक्षेत नुसतं ‘स्पष्ट करा’ लिहायचं नाही. आधी ‘अर्थ’, ‘कारणे’ किंवा ‘फरक’ यांपैकी एक शब्द हवाच. प्रत्येक वर्गात एक तक्ता लागला. त्यावर शब्द, त्यात काय अपेक्षित, आणि पाण्याच्या त्याच विषयावरचा नमुना प्रश्न. घटक चाचणीपासून वार्षिकपर्यंत सगळे विषय तोच तक्ता पाळणार. किती लिहायचं हे मात्र तक्ता सांगत नसे, ते गुणांवरून ठरवायचं: दोन गुणांच्या ‘कारणे स्पष्ट करा’ला दोन कड्या पुरेत, पाच गुणांना पूर्ण साखळी हवी.

तक्त्यावर ‘चर्चा करा’ कधीच आलं नाही. त्याला गुण कशाचे द्यायचे यावर सरांचं आणि बाईंचं एकमत झालं नाही, म्हणून तो शब्द शाळेच्या पेपरातून बादच झाला. आता मी स्वतः पेपर काढतो, आणि आमच्या स्टाफरूममध्येही त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.