पहिल्या भेटीसाठी नागपुरात जागा शोधताना

नागपूर नकाशावर मोठे असले, तरी ज्यांचे आजोळ महालात, काका प्रतापनगरात, आत्या मानेवाड्यात आणि आईच्या भिशीतल्या निम्म्या मैत्रिणी धरमपेठेत राहतात, त्यांच्यासाठी ते एका वाड्याएवढेच उरते. मी त्रिमूर्तीनगरात राहते आणि तो मनीषनगरात. आमची ओळख एका मैत्रिणीच्या घरी झाली होती, फोनवर बोलणे सुरू होते, आणि प्रत्यक्ष भेटून एकमेकांना नीट पाहावे, ऐकावे, असे दोघांनाही वाटत होते. घरी सांगण्यासारखे अजून काही नव्हते. कोणी पाहिले असते, तर मात्र सांगण्यासारखे काही घडण्याआधीच घरात बैठक बसली असती. म्हणून जागा मी विचार करून ठरवली, आणि त्यातला एक अडथळा अजूनही माझ्या डोक्यातून गेलेला नसल्यामुळे हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांना सुचणाऱ्या जागा मी लवकरच बाजूला ठेवल्या. फुटाळ्याच्या काठावर बसणारा माणूस तळ्याकडे पाहत असला, तरी रस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी त्याला पाहत असते, आणि संध्याकाळी तो रस्ता अर्ध्या पश्चिम नागपूरचा असतो. अंबाझरीला सकाळ-संध्याकाळ बाबांचे निवृत्त सहकारी फिरायला येतात. रमण विज्ञान केंद्रात सुटीच्या दिवशी माझ्या दोन चुलत बहिणी मुलांना घेऊन हमखास असतात. सेमिनरी हिल्सच्या बाजूची निर्जन ठिकाणे मी मुद्दाम टाळली, कारण ज्याला आपण अजून पुरते ओळखत नाही, त्याच्याबरोबर पहिल्याच भेटीत माणसे नसलेल्या ठिकाणी जाणे मला योग्य वाटत नाही, मग तो कितीही सज्जन असो.

उरले कॅफे, आणि तिथेच सगळे अडले.

आमच्या घरापासून पुरेशा दूर असलेल्या एका भागात एक कॅफे मला पसंत पडला होता. मी एका मैत्रिणीबरोबर दुपारी तिथे जाऊन बसले होते. खालच्या मजल्यावर रुंद टेबले, भरपूर उजेड, रस्त्याकडे काच, पण मागच्या ओळीतले टेबल रस्त्यावरून दिसत नाही, अशी मला हवी तशीच रचना होती. आम्हा दोघींना कोणी काही विचारले नाही. पुढे त्याच टेबलासाठी मी फोन केला आणि एक जेंट्स, एक लेडीज असे दोघे येणार असल्याचे सांगितले, तेव्हा व्यवस्थापक म्हणाला, “ताई, खाली फक्त फॅमिली बसते. कपलसाठी वर आहे.” दुपारी बारा वाजता खालची सगळी टेबले रिकामी असतात हे मी स्वतः पाहिले होते, ते त्याला सांगितले. त्यावर त्याने मालकांचा नियम असल्याचे सांगून दुसऱ्या दिवशी फोन करायला सांगितले. दुसऱ्या दिवशी मालक बाहेर होते. त्यानंतर ते लग्नाला गेले होते, मग ते आले होते पण जेवत होते. एक टेबल मिळावे म्हणून एखाद्या सरकारी खिडकीसमोर घालावेत तसे हेलपाटे मी फोनवर घालत राहिले, कारण जागा खरोखर चांगली होती आणि मागणी अगदी साधी होती.

शेवटी मी प्रत्यक्ष जाऊन वरचा मजला पाहिला, आणि असा कॅफे कोणी सुचवल्यास प्रत्येकीने तो आधी एकटीने किंवा मैत्रिणीबरोबर जाऊन पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. वर जाणारा जिना कॅफेच्या आतून नव्हता, तो बाहेरून, औषधांच्या दुकानाला लागून होता. म्हणजे त्या चौकात उभा असलेला प्रत्येक माणूस, पानठेलेवाला, रिक्षावाला, औषध घ्यायला आलेली एखादी काकू, वर कोण चढते आणि किती वेळाने उतरते, हे पाहू शकत होता, आणि तो जिना कशासाठी आहे हे सगळ्या चौकाला ठाऊक होते. वर प्लायवूडचे लहान खण, प्रत्येकाला पडदा, मंद दिवे, खिडकी एकही नाही आणि उतरायला तोच एक अरुंद जिना. आग लागली तर माणसे बाहेर कशी पडणार, हा प्रश्न मला तिथे उभी असतानाच पडला. शिवाय तासाला ठरावीक रकमेची ऑर्डर देणे बंधनकारक होते, जे खाली कोणालाच नव्हते.

मी व्यवस्थापकाला शांतपणे विचारले, की खाली बसलेल्या दोन मैत्रिणी फॅमिली कशा आणि दोन परिचित माणसे नाहीत, हे कसे ठरते. तो भला माणूस होता. संध्याकाळी येणाऱ्या कुटुंबांची तक्रार येते, असे तो म्हणाला. दुपारी कुटुंबेच नसतात, यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. मला राग आला तो याचा, की आम्हाला उजेडात, चार माणसांत, टेबलावर दोन्ही हात दिसतील असे बसायचे होते आणि तिथली व्यवस्था आम्हाला पडद्याआड ढकलत होती. खालच्या टेबलावर मला आईच्या भिशीतल्या कोणी पाहिले असते, तर मी उठून नमस्कार केला असता. त्या जिन्यावरून उतरताना पाहिले असते, तर कोणतेही स्पष्टीकरण पुरले नसते. लपण्यासाठी बनवलेली जागा आपल्याला लपवत तर नाहीच, उलट आपण लपत होतो याचा पुरावा तयार करते.

या अनुभवानंतर मी शोधाची दिशाच बदलली. कोणीच पाहणार नाही अशी जागा नागपुरात नाही, हे मी मान्य केले, आणि जिथे आपण का आलो आहोत हे जागा स्वतःच सांगते, अशी जागा शोधू लागले. त्यातून सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, पुढे आला. 1863 मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय बहुतेक नागपूरकरांनी शाळेच्या सहलीत पाहिलेले असते आणि त्यानंतर क्वचितच, त्यामुळे कामाच्या दिवशी तिथे नातेवाईक भेटण्याची शक्यता कमी असते. भुसा भरलेले प्राणी-पक्षी, दगडी शिल्पे, शस्त्रे, आदिवासी जीवनाचे दालन, असे एकेक पाहत चालताना बोलण्याला विषय आपोआप मिळतो, समोरासमोर बसून एकमेकांकडे पाहत राहण्याचा संकोच राहत नाही, आणि भेट रंगली नाही तर दोन दालनांनंतर निरोप घेणेही सोपे जाते. सगळीकडे राखणदार असतात, ही पहिल्या भेटीत मला सोयीची गोष्ट वाटली. सोमवारी संग्रहालय बंद असते, एवढे लक्षात ठेवावे.

वाराचा विचार जागेइतकाच करावा लागतो. राज्य सरकारी कार्यालयांना 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा झाला आहे, आणि ज्या घरांत सरकारी नोकऱ्या आहेत, त्या घरांतली माणसे शनिवारी शहरभर असतात. रविवारी सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यांपासूनच ओळखीचे चेहरे सुरू होतात. म्हणून आम्ही मंगळवारची दुपार निवडली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, त्याचे महाविद्यालय सकाळचे असल्यामुळे तो मोकळा होता.

गाडी हा मुद्दा खरे तर सगळ्यात आधी सांगायला हवा होता. आपल्या शहरात माणूस चेहऱ्यावरून ओळखला जाण्याआधी गाडीवरून ओळखला जातो. उन्हासाठी आपण मुली चेहऱ्याला ओढणी गुंडाळून दुचाकी चालवतो, त्यामुळे चेहरा झाकला जातो, पण आमच्या घरची गाडी, तिच्यावरचा ओरखडा आणि मागचे गणपतीचे स्टिकर सगळ्या कॉलनीला पाठ आहे. ती कोणत्याही कॅफेसमोर उभी दिसली, की आईला फोन जातो. मेट्रो स्थानकाच्या वाहनतळावर उभी असलेली गाडी मात्र ऑफिसला गेलेल्या माणसाची असते. मी गाडी सुभाषनगर स्थानकावर लावली, ॲक्वा मार्गाने सीताबर्डीला उतरले, तिथे ऑरेंज मार्गाची गाडी घेतली आणि लगेच पुढच्याच झिरो माईल स्थानकावर उतरून पायी गेले. तो उज्ज्वलनगरहून त्याच ऑरेंज मार्गाने थेट आला. एकत्र प्रवास करायचा नाही, थेट संग्रहालयाच्या दाराशी भेटायचे, आणि मैत्रिणीला निघताना व परतताना संदेश पाठवायचा, एवढे ठरले होते. ओढणी मी स्थानकावरच सोडून पिशवीत ठेवली, कारण ज्याला भेटायला निघालो आहोत, त्याच्यासमोर चेहरा झाकून जाणे मला पटत नव्हते.

भेट छान झाली. त्याचा तपशील मी इथे देणार नाही.

परतताना झिरो माईलच्या फलाटावर मात्र बाबांचे एक जुने स्नेही भेटले. त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिले. मी नमस्कार केला, त्याचे नाव सांगितले, परिचित आहेत, महाविद्यालयात शिकवतात, अजब बंगला पाहायला आलो होतो, असे सांगितले. यातला एकही शब्द खोटा नव्हता, त्यामुळे आवाज कापला नाही. काकांनी बाबांच्या गुडघ्याची चौकशी केली, त्यांच्या लहानपणी संग्रहालयात काय काय पाहिले होते ते सांगितले आणि गाडी येताच ते निघून गेले. संध्याकाळी आईने विचारले, “म्युझियमला गेली होतीस म्हणे?” मी हो म्हणाले, आणि विषय भाजीकडे वळला. त्या कॅफेच्या जिन्याखाली हीच भेट झाली असती तर तो संध्याकाळचा प्रश्न कसा आला असता, याची कल्पना मी अनेकदा केली आहे, आणि दर वेळी त्या मालकांचा नव्याने राग येतो.

कॅफेतच भेटायचे असेल, तर फोनवर पहिलाच प्रश्न “दोघांसाठी खालचे टेबल मिळेल का” हा विचारावा, आणि उत्तरात “वर” हा शब्द आला की फोन ठेवावा. महाविद्यालयांजवळच्या कॅफेंत वाढदिवसाचे गट असतात, आणि त्यांनी स्टेटसला टाकलेल्या फोटोंत मागच्या टेबलावरची माणसेही येतात, म्हणून तिथे केक कापला जात असेल तर पाठ करून बसावे किंवा दुसरे टेबल मागावे.

तुळशीच्या लग्नानंतर सीताबर्डी आणि इतवारीत साड्यांच्या खरेदीसाठी सगळे नातलग उतरतात, तेव्हा त्या दोन बाजारांच्या आसपासची कोणतीही जागा निवडू नये. आणि डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू असेल, तर अजब बंगल्याचा बेतही पुढे ढकलावा, कारण विधानभवनाच्या परिसरात बंदोबस्त असतो, रस्ते वळवलेले असतात, मोर्चे येतात, आणि बंदोबस्तावर असलेल्या पोलिसांत माझा एक मामेभाऊही असतो.