नंबर नाही म्हणाले, तरी डोळ्यांमागे दुखायचं

मी सांगलीत एका कर सल्लागारांच्या ऑफिसात हिशेब बघते. आमची बहुतेक गिऱ्हाइकं मार्केट यार्डातली, त्यातही हळदीवाली जास्त. त्यामुळे सीझन सुरू झाला की बिलांचा नुसता पाऊस पडतो. जीएसटीची विवरणपत्रं भरायची शेवटची तारीख, GSTR-1 ला महिन्याची 11 आणि GSTR-3B ला 20. या दोन तारखांच्या आधीचे तीन-चार दिवस लॅपटॉपसमोरून उठणंच होत नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीपासून दुपारी चारच्या सुमाराला डोकं धरायला लागलं. ठणका नाही, घण मारल्यासारखं नाही. डोळ्यांच्या बरोबर मागे कुणीतरी आतून अंगठा दाबून ठेवलाय, असं. भुवया जड व्हायच्या. सहा वाजता लॅपटॉप मिटला की तासा-दीड तासात उतरायचं. सकाळी उठताना काहीच नसायचं.

उपाय सुचवायला माणसं कमी नव्हती. सासूबाईंनी सुंठ उगाळून लेप घातला. "अगं, पित्त झालंय तुला, रिकाम्या पोटी चहा पितीस." ऑफिसातल्या पोरानं निळ्या प्रकाशाचा चष्मा मागवायला लावला. तो मी महिनाभर घातला. दुखणं चारला यायचं ते चारलाच येत राहिलं. (पुढं कळलं, कॉक्रेन ही औषधोपचारांवरचं संशोधन तपासणारी संस्था, तिच्या 2023 सालच्या आढाव्यात 17 चाचण्या एकत्र पाहिल्या होत्या, आणि अशा काचांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असं काही त्यात दिसलं नव्हतं. माझे पैसे तोवर गेले होते.) मग एका चष्म्याच्या दुकानात गेले. त्यांनी यंत्रावर हनुवटी टेकवून घेतली, भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. शेवटची ओळ मी घडाघडा वाचली. "6/6 आहे ताई, नंबर नाही. टेन्शन कमी घ्या."

टेन्शन नव्हतं असं नाही. पण ते मला सकाळी दहालाही असतं, मग दुखायला चार का वाजावे लागतात?

शेवटी एक जुनी वही घेतली आणि रोज दोन ओळी लिहायला लागले. दुखलं का, किती वाजता, त्याआधी काय करत होते. तीन आठवड्यांत दोन गोष्टी दिसल्या. रविवारी दुखत नव्हतं, हे तर ठाऊकच होतं. पण एका रविवारी दुखलं. त्या दिवशी मी लॅपटॉप उघडलाच नव्हता, मोबाइलही जेमतेम. दुपारभर नणंदेच्या लेकीच्या तीन ब्लाउजांना हात-शिलाई करून हूक लावत बसले होते. पाचला अगदी तसंच दुखलं, त्याच जागी. म्हणजे दोष पडद्याच्या उजेडाचा नव्हता. जवळ बघत बसण्याचा होता.

ती वही घेऊन मिरजेला एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. ह्यांना सोबत नेलं, हे बरं केलं, कारण पुढं लागले.

तिथल्या बाईंनी आधी रक्तदाब घेतला, डोळ्यातलं प्रेशर बघितलं. मग पेनाचं टोक नाकाकडे आणत विचारलं, एकाची दोन कधी दिसतात? काहींचे दोन्ही डोळे जवळ बघताना नीट आत वळत नाहीत, त्यांनाही असंच दुखतं. माझं पेन नाकाच्या सहा-सात सेंटिमीटरवर येईपर्यंत एकच दिसलं, म्हणजे ते ठीक होतं. मग तक्ता वाचला. पुन्हा 6/6. त्यांनी +0.50 ची काच लावली आणि विचारलं, आता धूसर झालं का? नाही झालं. "इथंच गंमत आहे," त्या म्हणाल्या. "नंबर नसलेल्या डोळ्याला प्लसची काच लावली की लांबचं धूसर व्हायला हवं. तुमचं होत नाही. थेंब घालून बघू."

थेंब घातल्यावर पाऊण तास डोळे मिटून बसायचं. या थेंबांनी डोळ्यातला भिंग फुगवणारा स्नायू काही तास सैल पडतो, त्यामुळे तो मधे पडून नंबर झाकू शकत नाही. पुन्हा तपासलं तेव्हा दोन्ही डोळ्यांना +1.00 निघाला. दुकानातल्या यंत्रासमोर माझा स्नायू ताण देऊन तो नंबर लपवत होता. बहुधा शाळेपासूनच लपवत आला असणार.

"मग मला इतकी वर्षं का नाही दुखलं?" मी विचारलं.

त्यांनी केसपेपरच्या मागे हिशेब मांडला, आणि हिशेब म्हटल्यावर माझं लक्ष लागलंच. 100 ला अंतराच्या सेंटिमीटरनी भागायचं. तेवढी ताकद डोळ्याला तिथलं स्पष्ट बघायला लागते. माझा लॅपटॉप 45 सेंटिमीटरवर असायचा, म्हणजे 100 भागिले 45, सव्वादोन. त्यात माझा स्वतःचा लपलेला 1. झाले सव्वातीन. विशीत डोळ्याकडे ही ताकद दहा-बाराच्या आसपास असते, तिथं सव्वातीन म्हणजे काहीच नाही. पण ती दरवर्षी उतरत जाते, आणि 42 व्या वर्षी साधारण पाच-सहा उरते. त्यातली निम्मी वापरून माणूस दिवसभर आरामात बसू शकतो. निम्म्याच्या पुढं गेलं की दिसतं सगळं नीट, पण स्नायू दमतो. "तुमचं खातं ओव्हरड्राफ्टमध्ये आहे," बाई म्हणाल्या. मी हिशेबातली आहे, हे त्यांना पेपरवरून कळलेलं होतं.

पेपरवर शेवटी त्यांनी विचारलं, गोळ्या किती? वहीत मोजलं तर महिन्यात 11 दिवस, त्याही कॅफीन मिसळलेल्या. त्यांनी मान हलवली. साधी दुखण्याची गोळी महिन्यातले 15 दिवस, आणि अशी मिसळलेली 10 दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. मी त्या वाटेवर अगदी वेशीपाशी होते.

बाहेर आले तर ऊन डोळ्यात खुपत होतं आणि मोबाइलवरचं एक अक्षर लागेना. थेंबांचा परिणाम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहिला. स्कूटर ह्यांनी चालवली. तुम्ही एकटे जाणार असाल तर गाडी नेऊ नका, आणि 20 तारखेच्या आदल्या दिवशी तर जाऊच नका.

चष्मा लगेच मिळाला नाही. आठवड्यानं, थेंब पूर्ण उतरल्यावर पुन्हा बोलावलं. चाचणीच्या फ्रेममध्ये +0.75 घालून बाहेरच्या बाकावर वीस मिनिटं वर्तमानपत्र वाचायला बसवलं. दहाव्या मिनिटाला लक्षात आलं की माझ्या भुवया सैल आहेत. इतके महिने मी त्या आक्रसून बसत होते, हेच मला ठाऊक नव्हतं. पुरा 1 दिला नाही, कारण सवय असलेला स्नायू एकदम सोडत नाही आणि लांबचं धूसर दिसतं. 0.75 नंही पहिले आठ-दहा दिवस समोरच्या दुकानाची पाटी किंचित पुसट दिसायची. मला वाटलं नंबर चुकला. बाईंनी आधीच सांगितलं होतं म्हणून काढून ठेवला नाही. दुसऱ्या आठवड्यात पाटी साफ झाली.

अर्धं काम चष्म्यानं केलं, अर्धं अंतरानं. लॅपटॉपवर टाइप करायचं तर तो हाताजवळ लागतो, आणि पडदा त्यालाच जोडलेला, ही त्याची खोड. मी वेगळा कीबोर्ड घेतला आणि लॅपटॉप जुन्या बॉक्स फायलींवर चढवून 65 सेंटिमीटरवर सरकवला. टेप लावून मोजलं. अंदाजानं केलं की आपण पुढंच ठेवतो. आता हिशेब बघा: 100 भागिले 65, म्हणजे दीड, आणि चष्म्यानंतर माझा उरलेला पाव. पावणेदोन. सव्वातीनवरून पावणेदोन.

पण पहिल्या दोन दिवसांत फरकच पडेना. पोरगा म्हणाला, "ताई, तुम्ही मान पुढं काढून बसताय कासवासारखं." खरंच. पडदा लांब गेला, अक्षरं बारीक झाली, आणि मीच 45 वर जाऊन बसत होते. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये Scale 125% केलं, तेव्हा कुठं पाठ खुर्चीला टेकली. अक्षरं मोठी न करता पडदा नुसता मागे नेण्यात काही अर्थ नाही.

डोळ्यांची चुरचुर मात्र वेगळी गोष्ट निघाली, ती चष्म्यानं गेली नाही. पोरानं गुपचूप माझा व्हिडिओ काढला. बिलं भरताना मी मिनिटाला चार वेळा पापणी मिटत होते. बोलत बसले की पंधराच्या वर जाते. वरून टेबलफॅन थेट तोंडावर. फॅन भिंतीकडे वळवला आणि प्रत्येक बिल सेव्ह केलं की दोनदा पापण्या पूर्ण टेकवायच्या, ही सवय लावली. वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघा, असं सांगतात. मी घड्याळ लावत नाही, एका पार्टीचं काम संपलं की खिडकीतून यार्डाच्या टाकीकडे बघते. टाकी वीस फुटांपेक्षा बरीच लांब आहे, चालतं.

आणखी एक, बाईंनी बजावलेलं. एकाएकी डोळा लाल होऊन दुखणं, दिव्याभोवती रंगीत वलयं, उलटी, दोन-दोन दिसणं, झोपेतून जागं करणारं किंवा आजवर कधी नव्हतं इतकं जोरात दुखणं, यातलं काही असेल तर त्यात माझ्या गोष्टीतलं काहीही लागू नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि डोकं एका बाजूला ठणकून उजेड-आवाज सहन होत नसेल तर ती अर्धशिशी असू शकते. तिला कीबोर्ड घेऊन उपयोग नाही.

सुंठीचा लेप सासूबाई अजून घालतात. बरं वाटतं, मी नाही म्हणत नाही.

वही चालू आहे. चष्मा लागल्यानंतरच्या सहा आठवड्यांत दुखल्याचे दिवस तीन. त्यातले दोन 19 आणि 20 तारखेचे, रात्री नऊपर्यंत बसले होते. तिसऱ्या दिवशी चष्मा घरी फ्रीजवर विसरला होता.