तीन वह्या आणि एक उणे चिन्ह

बारावीची प्रिलिम आठ दिवसांवर आली होती. मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे या दिवसांत स्टाफरूमच्या दारात कोणी ना कोणी वही घेऊन उभंच असतं. त्या दुपारी आलेल्या मुलीच्या हातात मात्र चौदा पानांचा नवा कोरा गठ्ठा होता. थर्मोडायनॅमिक्सच्या धड्यासाठी मैत्रिणींनी मिळून पाठ्यपुस्तक, माझ्या तासाची वही आणि सीईटीच्या क्लासमध्ये वाटलेली सूत्रांची झेरॉक्स एकत्र केली होती. अक्षर सुरेख, शीर्षकं लाल शाईत.

"मॅडम, सगळी सूत्रं बघून बघून लिहिलीत. तरी एक गणित सुटत नाहीये."

गणित साधं होतं. वायू 2 बार या स्थिर बाह्य दाबाविरुद्ध 10 लिटरवरून 15 लिटरपर्यंत प्रसरण पावतो आणि 400 ज्यूल उष्णता शोषतो. अंतर्गत ऊर्जेतला बदल काढा. तिने कार्य काढलं `W = −PΔV` ने: उणे 10 बार-लिटर, म्हणजे उणे 1000 ज्यूल. मग पुढच्या पानावरचं `ΔU = Q − W` घेतलं आणि 400 मधून उणे 1000 वजा केले. उत्तर आलं अधिक 1400.

मी तिला सूत्र बाजूला ठेवायला सांगितलं. वायूला मिळाले 400 ज्यूल, ढकलण्यात खर्च झाले 1000. मग त्याच्याजवळची ऊर्जा वाढेल कशी? ती 600 ने घटायलाच हवी. तिला ते लगेच पटलं, पण चूक कुठे झाली हे दिसेना, कारण दोन्ही सूत्रं छापील होती आणि दोन्ही बरोबर होती.

केमिस्ट्रीच्या पुस्तकात `W` म्हणजे वायूवर झालेलं कार्य, म्हणून तिथे `ΔU = Q + W`. झेरॉक्स फिजिक्सच्या पद्धतीची होती; तिथे `W` म्हणजे वायूने केलेलं कार्य, आणि ते प्रसरणात धन. कुठलीही एक पद्धत शेवटपर्यंत धरली तर उत्तर उणे 600 च येतं. हिने एकीतलं `W` आणि दुसरीतलं समीकरण घेतलं आणि उणे चिन्ह दोनदा लागलं.

मग आम्ही तो गठ्ठा पहिल्या पानापासून वाचायला बसलो. प्रत्येक विधानाशेजारी पेन्सिलीने दोनच गोष्टी लिहायच्या: हे कुठून घेतलं आणि हे कधी खरं असतं. दोन विधानं भांडताना दिसली की आधी त्यांच्या अटी ताडून बघायच्या. एक खोडायचं ते त्यानंतर, तेही अटी सारख्या निघाल्या तरच.

खरा धोका मला भांडणाऱ्या ओळींपेक्षा सारख्या दिसणाऱ्या ओळींत सापडला. पुस्तकात होतं, 'आदर्श वायूच्या समतापी प्रसरणात `ΔU = 0`'. माझ्या तासाच्या वहीत होतं, 'समतापी प्रक्रियेत `ΔU = 0`'. मुलींनी हे एकच समजून आटोपशीर ओळ ठेवली होती. ती माझीच. फळ्यावर घाईत 'आदर्श वायू' हे शब्द मी गाळले असणार, आणि ते मला फार लागलं. 100 अंशांना उकळणारं पाणी घ्या. तापमान हलत नाही, म्हणजे प्रक्रिया समतापीच. पण एक मोल पाण्याची वाफ व्हायला साधारण 40.7 किलोज्यूल लागतात. त्यातले वाफेच्या प्रसरणात जातात `RT` इतके, म्हणजे 3.1. उरलेले 37.6 किलोज्यूल अंतर्गत ऊर्जेतच जमा होतात, शून्य कुठलं! तेव्हापासून एकसारख्या दोन ओळींतली एक ठेवायची झाली तर मी जास्त अटी असलेली ठेवते, लांब असली तरी.

पुनरुक्ती काढणं त्यामानाने सोपं गेलं. पहिला नियम तीन ठिकाणी तीन नावांनी आला होता: ऊर्जेची अक्षय्यता, `ΔU` चं समीकरण, आणि 'विलग प्रणालीची ऊर्जा स्थिर'. तिसरं विधान दुसऱ्यात `Q` आणि `W` शून्य ठेवले की मिळतंच, म्हणून ते त्याच्याच खाली सरकलं. पहिल्याच पानाच्या माथ्यावर चौकट आखली: 'या नोट्समध्ये `W` म्हणजे वायूवर झालेलं कार्य.' झेरॉक्सवरची ज्या सूत्रांत `W` येतं ती सगळी आम्ही या चौकटीप्रमाणे चिन्ह बदलून लिहिली. चौदाची सहा पानं झाली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती परत आली, यावेळी दुसऱ्याच धड्याचे कागद घेऊन. एका मोल वायूचं आकारमान एके ठिकाणी 22.4 लिटर, दुसरीकडे 22.7. मी काही बोलायच्या आत तिने समासातली पेन्सिल दाखवली. 22.4 शेजारी '0 अंश, 1 अॅटमॉस्फिअर', 22.7 शेजारी '0 अंश, 1 बार'.

"दोन्ही ठेवते, मॅडम. दाबासकट."